कार्बन नॅनोट्यूबचे (n,m): ट्यूब मेटॅलिक की सेमीकंडक्टर, हे स्वतः कसं काढायचं आणि नियम कुठपर्यंत चालतो

नॅनोट्यूबवर काहीही वाचायला घेतलं की पहिल्या पानावरच एक नियम भेटतो: शीट कशी गुंडाळली हे सांगणारे दोन पूर्णांक n आणि m घ्या, n वजा m ला 3 ने भाग गेला तर ट्यूब मेटॅलिक, नाहीतर सेमीकंडक्टर. पाठ करायला सोपा आहे, परीक्षेत मार्कही मिळतात, पण हा 3 आला कुठून हे विचारलं की बहुतेक जण षटकोनी ब्रिल्वाँ झोन काढून त्यावर समांतर रेषा मारतात आणि "रेषा कोपऱ्यातून गेली तर मेटॅलिक" असं म्हणून मोकळे होतात. चित्र बरोबरच आहे, पण माझ्या मते ते दुसऱ्या नंबरला यायला हवं. आधी फेजचा हिशोब करा, तो बेरीज-वजाबाकीत संपतो आणि नियम कुठे मोडणार हेही त्यातच दिसतं.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊन चालतो: (10,10), (11,9) आणि (13,7) या तीन ट्यूब. तिघींमध्ये n+m = 20 आहे आणि व्यास जवळपास सारखेच आहेत, पण वागणं तीन तऱ्हेचं आहे.

पायरी 1: शीटवर (n,m) म्हणजे नक्की काय ते बघा

ग्राफीनची शीट म्हणजे कार्बनच्या षटकोनांची जाळी, दोन शेजारच्या कार्बनमधलं अंतर 0.142 नॅनोमीटर. या जाळीत सगळे अणू एकाच प्रकारच्या जागेवर नाहीयेत, दोन गट पडतात, त्यांना A आणि B म्हणूया. प्रत्येक A चे तिन्ही शेजारी B असतात आणि प्रत्येक B चे तिन्ही शेजारी A. एक A आणि एक B मिळून एक युनिट सेल होतो आणि हा सेल a1 आणि a2 या दोन व्हेक्टरांनी सरकवत गेलं की सगळी शीट भरते. दोन्हींची लांबी 0.246 नॅनोमीटर आणि त्यांच्यातला कोन 60 अंश. हा 60 लक्षात ठेवा, पुढे एक चूक याच्यावरूनच होते.

आता कुठलाही एक A अणू धरा, तिथून n वेळा a1 आणि m वेळा a2 इतकं चाला, ज्या A वर पोहोचाल तो अणू आणि सुरुवातीचा अणू एकमेकांवर येतील अशी शीट गुंडाळा, झाली (n,m) ट्यूब. हवं तर षटकोनांची जाळी ट्रान्सपरंट शीटवर प्रिंट करून हे एकदा हाताने करून बघाच, (10,0) गुंडाळून झाल्यावर कडेला नागमोडी झिगझॅग दिसते आणि (5,5) ला आर्मचेअरची कड दिसते, मग ही नावं विसरायला होत नाहीत. n आणि m समान असले की आर्मचेअर, m शून्य असला की झिगझॅग, बाकी सगळ्या चायरल.

चाललेल्या अंतराची लांबी हाच ट्यूबचा परीघ, म्हणून व्यास

d = (√3 × 0.142/π) × √(n² + nm + m²) नॅनोमीटर

आणि चायरल कोन

θ = arctan( √3·m / (2n + m) )

झिगझॅगसाठी θ शून्य येतो आणि आर्मचेअरसाठी 30 अंश. आपल्या तिघींचे आकडे काढले तर (10,10) चा व्यास 1.356, (11,9) चा 1.358 आणि (13,7) चा 1.376 नॅनोमीटर. पहिल्या दोघींत फरक 0.002 नॅनोमीटरचा, म्हणजे एका बाँडच्या सत्तराव्या भागाएवढा. तरीही एक धातूसारखी वागते आणि दुसरीत अर्ध्या ईव्हीपेक्षा (म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा) मोठा गॅप असतो. आकार जवळपास तोच असताना हा फरक येतो, म्हणजे व्यासापलीकडे काहीतरी मोजलं जातंय, आणि ते म्हणजे फेज.

पायरी 2: ग्राफीनमध्ये गॅप शून्य कुठे होतो ते शोधा

प्रत्येक कार्बनकडे एक π म्हणजे पाय इलेक्ट्रॉन असतो आणि तो शेजारच्या अणूवर उडी मारू शकतो. या उडीची ताकद γ0, साधारण 2.7 ईव्ही (कोणी 2.9 घेतात, मी इथे सगळीकडे 2.7 घेतलाय, त्यामुळे दुसरीकडचे आकडे पाच-सात टक्क्यांनी वेगळे दिसले तर घाबरू नका). शीटवर पसरलेल्या इलेक्ट्रॉनची लाट सांगायला दोनच आकडे लागतात: a1 च्या दिशेने एक सेल पुढे गेल्यावर लाटेचा फेज किती बदलतो, त्याला φ1 म्हणू, आणि a2 च्या दिशेने गेल्यावर किती बदलतो, तो φ2.

आता एका A अणूवर उभं राहून त्याचे तीन B शेजारी बघा. एक B त्याच सेलमधला, दुसरा a1 ने एक सेल मागचा, तिसरा a2 ने एक सेल मागचा. तिघांकडून येणाऱ्या उड्यांची बेरीज करायची, प्रत्येकीचा फेज धरून:

f = 1 + e^(−iφ1) + e^(−iφ2)

आणि ऊर्जा येते E = ± γ0·|f|. वरचं चिन्ह कंडक्शन बँडचं, खालचं व्हॅलन्स बँडचं. अणूमागे एक पाय इलेक्ट्रॉन असल्यामुळे खालचा बँड पूर्ण भरतो, वरचा पूर्ण रिकामा राहतो आणि फर्मी लेव्हल बरोबर E = 0 वर येते. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की f शून्य कधी होतो. एकसारख्या लांबीचे तीन बाण जोडून पुन्हा सुरुवातीला यायचं असेल तर ते समभुज त्रिकोणाच्या बाजू असले पाहिजेत, दुसरा मार्गच नाही, म्हणजे तीन फेज 0, 120 आणि −120 अंश असायला हवेत. तर φ1 = 120 आणि φ2 = −120, किंवा याच्या उलट. पुस्तकात ज्यांना K आणि K′ पॉइंट म्हणतात ते हेच दोन. त्या फेजला तिन्ही B शेजाऱ्यांकडून येणाऱ्या उड्या एकमेकींना पूर्ण खोडून काढतात, A आणि B चा एकमेकांशी संबंधच तुटतो, दोघांची ऊर्जा एकच होते आणि बँड एकमेकांना टेकतात.

नियमातला 3 इथून आला. प्रत्येक कार्बनला तीन शेजारी आहेत, तिघांनी मिळून शून्य व्हायला एक तृतीयांश फेऱ्याचा फेज लागतो, बस.

पायरी 3: गुंडाळा आणि फेजचा हिशोब लावा

शीट सपाट आणि मोठी असताना φ1 आणि φ2 काहीही असू शकतात. गुंडाळल्यावर मात्र एक बंधन येतं: n वेळा a1 आणि m वेळा a2 चाललं की आपण परत त्याच अणूवर येतो, आणि एकाच अणूवर लाटेच्या दोन वेगळ्या किमती असू शकत नाहीत. म्हणून

n·φ1 + m·φ2 = 360° × पूर्णांक

ट्यूबच्या लांबीच्या दिशेने असं काही बंधन नाही (ट्यूब लांब आहे असं धरून), तिकडे फेज मोकळा आहे. म्हणूनच दुसऱ्या चित्रात समांतर रेषा येतात: एका दिशेने मोकळं, दुसऱ्या दिशेने ठराविकच जागा.

आता विचारायचं की ज्या फेजला f शून्य होतो, ती लाट या ट्यूबवर बसते का. φ1 = 120, φ2 = −120 टाका:

120·n − 120·m = 120·(n − m)

हे 360 च्या पटीत हवं, म्हणजे n − m ला 3 ने भाग जायला हवा. सगळा नियम एवढ्यातच आला. K′ घेतला तर फक्त चिन्ह बदलतं, उत्तर तेच.

(10,10) साठी 120 × 0 = 0, लाट बसली, मेटॅलिक. (11,9) साठी 120 × 2 = 240, हे 360 ला 120 ने कमी पडलं, लाट बसत नाही, सेमीकंडक्टर. (13,7) साठी 120 × 6 = 720, बरोबर दोन फेरे, लाट बसली. पण तिच्याबद्दल अजून बोलायचं आहे. सगळ्या शक्य (n,m) जोड्यांमध्ये उरलेली बाकी 0, 1, 2 साधारण सारख्याच वेळा येते, म्हणून कुठलीही निवड न करता बनवलेल्या सॅम्पलमध्ये अंदाजे एक तृतीयांश मेटॅलिक आणि दोन तृतीयांश सेमीकंडक्टर धरतात.

हा हिशोब 1992 साली तीन गटांनी वेगवेगळा मांडला: हमादा, सावादा आणि ओशियामा, सायतो, फुजिता आणि ड्रेसलहाऊस यांचा गट, आणि मिंटमायर, डनलॅप, व्हाइट. गंमत म्हणजे तेव्हा एका भिंतीची ट्यूब कोणी पाहिलेलीच नव्हती. इइजिमांनी 1991 मध्ये दाखवल्या त्या अनेक भिंतींच्या होत्या, एक भिंतवाल्या 1993 मध्ये आल्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगतो. पहिली: काही लोक आणि बरेच सॉफ्टवेअर ग्राफीनचा सेल a1 आणि a2 मध्ये 120 अंश घेऊन काढतात. तशा सेलमध्ये मोजलेले n, m थेट नियमात टाकले तर उत्तर चुकतं, कारण त्या पद्धतीत अट n + m ला 3 ने भाग जाण्याची होते. त्यामुळे दुसऱ्याची POSCAR किंवा स्ट्रक्चर फाइल हातात आली की आधी दोन व्हेक्टरांमधला कोन बघा, किंवा सोपं म्हणजे अणूंवरून व्यास मोजा आणि वरच्या सूत्राशी जुळतो का ते पडताळा. दुसरी: काही पेपर n − m ऐवजी 2n + m वापरतात. भाग जातो का या प्रश्नाला दोन्हींचं उत्तर एकच येतं, कारण 2n + m = 3n − (n − m), पण बाकी उलटी होते, एकात 1 असेल तर दुसऱ्यात 2. (11,9) चंच बघा, 11 − 9 = 2 आणि 2×11 + 9 = 31, त्याची बाकी 1. सेमीकंडक्टर ट्यूबचे जे दोन प्रकार ऑप्टिकल पेपरात येतात ते या बाकीवरूनच ठरतात, त्यामुळे कोणी "टाइप 1" म्हटलं की कुठली पद्धत वापरली ते आधी शोधायचं.

पायरी 4: गॅप किती, तोही याच हिशोबातून

(11,9) ला 120 अंश कमी पडले, म्हणजे पूर्ण परिघावर एक तृतीयांश फेरा. परीघ πd आहे, तर K पासून सगळ्यात जवळची चालणारी लाट किती दूर आहे?

k = (2π/3) / (πd) = 2/(3d)

K च्या जवळ ऊर्जा या अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते, E = 1.5 × 0.142 × γ0 × k. किंमती घालून सोडवलं की E = 0.142·γ0/d येतो, खाली तेवढंच वर तेवढंच, म्हणून

गॅप = 2 × 0.142 × γ0 / d ≈ 0.77 / d ईव्ही (d नॅनोमीटरमध्ये)

(11,9) साठी 0.77 ला 1.358 ने भागा, जवळपास 0.565 ईव्ही. बाकी 1 असो वा 2, कमी पडणारे किंवा जास्त होणारे अंश 120 च असतात, म्हणून पहिल्या अंदाजात सेमीकंडक्टर ट्यूबचा गॅप फक्त व्यासावर ठरतो, कोनावर नाही. आणि (10,10) मध्ये K वरून जाणारी लाट आहेच, तिच्यानंतरची पुढची लाट पूर्ण एक फेरा लांब, म्हणजे तिप्पट अंतरावर, त्यामुळे धातूवाल्या ट्यूबमध्ये पुढच्या बँडच्या जोडीतलं अंतर तिप्पट येतं, 1.356 व्यासासाठी साधारण 1.7 ईव्ही.

हे दोन आकडे प्रत्यक्षात कोणी मोजले का? हो. 1998 मध्ये डेल्फ्टच्या डेकरांच्या गटाने आणि हार्वर्डच्या लीबरांच्या गटाने स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने एकेका ट्यूबवरचे अणू पाहिले आणि त्याच ट्यूबवर करंट-व्होल्टेज घेतलं. डेल्फ्टच्या मापनात ट्यूब सरळ दोन ढिगात पडल्या, एका ढिगात गॅप 0.5 ते 0.6 ईव्हीच्या आसपास, दुसऱ्यात 1.7 च्या पुढे, म्हणजे सेमीकंडक्टरचा गॅप आणि मेटॅलिकच्या पुढच्या बँडमधलं अंतर. पेन घेऊन काढलेला आकडा आणि मोजलेला आकडा इतके जवळ आले की माझा तरी या हिशोबावर पूर्ण विश्वास बसतो.

पायरी 5: (13,7) पूर्ण मेटॅलिक का नाही

आत्तापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली, की तिन्ही शेजाऱ्यांकडे उडी एकाच ताकदीने होते. सपाट शीटमध्ये ते खरं आहे. गुंडाळल्यावर मात्र परिघाच्या दिशेने असलेले बाँड वाकतात, शेजारच्या अणूंचे पाय ऑर्बिटल एकमेकांकडे किंचित तिरके होतात आणि उडीची ताकद थोडी कमी होते, तर अक्षाच्या दिशेच्या बाँडचं फारसं काही बिघडत नाही. म्हणजे तीन बाणांपैकी एखाद-दोन किंचित आखूड झाले. आता त्रिकोण बंद व्हायला फेज बरोबर 120 नसून थोडा सरकलेला लागतो. K पॉइंट जागेवरून सरकला असं समजा.

सरकला कुठल्या दिशेने, यावर सगळं ठरतं. आर्मचेअरमध्ये तो अक्षाच्या दिशेने सरकतो, आणि त्या दिशेने फेज मोकळा आहे हे वर पाहिलं, त्यामुळे लाट थोडी बदलून नवीन जागी पुन्हा बसते, गॅप शून्यच राहतो. झिगझॅगमध्ये तो परिघाच्या दिशेने सरकतो, तिकडे जागा ठरलेल्या आहेत, लाट चुकते आणि छोटा गॅप उघडतो. चायरल ट्यूब मधल्या कुठेतरी. केन आणि मेली यांनी 1997 मध्ये हे मांडलं, आणि हा वक्रतेचा गॅप साधारण असा येतो:

गॅप = (3/4) × γ0 × (0.142/d)² × cos 3θ

θ = 30 टाकला की cos 90 = 0, आर्मचेअर सुटली. हे सूत्र तपासायला (9,0) घ्या: d = 0.705, गॅप 0.082 ईव्ही येतो. लीबरांच्या गटाने 2001 मध्ये (9,0), (12,0) आणि (15,0) वर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा 0.080, 0.042 आणि 0.029 ईव्ही मिळाले, सूत्राने पुढचे दोन 0.046 आणि 0.030 येतात. चांगलं जुळतं.

(13,7) चा कोन 20.2 अंश, 3θ म्हणजे 60.5, cos साधारण 0.49, आणि गॅप येतो 0.0106 ईव्ही, म्हणजे 10-11 मिलीईव्ही. खोलीच्या तापमानाला kT असतो 26 मिलीईव्ही, म्हणजे उष्णतेनेच इलेक्ट्रॉन गॅप ओलांडून जातात आणि ट्यूब धातूसारखीच वागते. 4 केल्व्हिनवर नेली तर तीच ट्यूब छोट्या गॅपची सेमीकंडक्टर. म्हणून "3 ने भाग गेला म्हणजे मेटॅलिक" हे वाक्य तापमान न सांगता अर्धवट आहे, आणि खरोखर मेटॅलिक फक्त n = m वाल्याच. त्याही एकट्या असल्या तर, कारण दोरखंडासारख्या जुडग्यात शेजारच्या ट्यूबमुळे सममिती मोडते आणि आर्मचेअरलाही फर्मी लेव्हलपाशी खळगा पडतो.

उलट्या बाजूची मर्यादाही आहे. व्यास फार लहान झाला की पाय आणि सिग्मा ऑर्बिटल एकमेकांत मिसळतात आणि सगळा हिशोबच बदलतो. ब्लाझ आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्येच बारीक ट्यूबसाठी हे दाखवलं होतं. (5,0) चा व्यास 0.39 नॅनोमीटर, बाकी 2, आपल्या सूत्राने जवळपास 2 ईव्हीचा गॅप यायला हवा, पण पूर्ण क्वांटम गणित केलं की ती मेटॅलिक निघते. त्यामुळे 0.7 नॅनोमीटरच्या खाली गेलात की सूत्रावर विसंबू नका, सरळ डीएफटी म्हणजे संगणकावरचं पूर्ण क्वांटम गणित करा.

पायरी 6: छोटा कोड

वरचं सगळं एका फंक्शनमध्ये बसतं, n+m = 20 चं पूर्ण कुटुंब एकदम काढून बघा:

```python
from math import sqrt, pi, atan2, cos, degrees

def tube(n, m, g=2.7, acc=0.142):
    d = acc * sqrt(3*(n*n + n*m + m*m)) / pi
    th = atan2(sqrt(3)*m, 2*n + m)
    if (n - m) % 3:
        gap = 2*acc*g/d
    elif n == m:
        gap = 0.0
    else:
        gap = 0.75*g*(acc/d)**2*cos(3*th)
    return round(d, 3), round(degrees(th), 1), round(gap, 3)

for m in range(10, -1, -1):
    print((20 - m, m), tube(20 - m, m))
```

अकरा ओळी येतील. त्यात (10,10) शून्य, (13,7), (16,4) आणि (19,1) यांचे गॅप शंभराव्या भागातले, आणि बाकीच्या सात अर्ध्या ईव्हीच्या आसपासच्या. तुमची (13,7) ची ओळ 1.376, 20.2, 0.011 अशी आली नाही तर बहुतेक कोन डिग्री-रेडियनमध्ये घोळलाय.

पायरी 7: हातातली ट्यूब कुठली ते कसं ओळखायचं

कागदावर (n,m) दिलेला असतो, लॅबमध्ये तोच शोधायचा असतो. बरेच जण रामनपासून सुरुवात करतात. ट्यूब पूर्ण परिघाने आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी हलते, त्या रेडियल ब्रीदिंग मोडची जागा व्यासावर ठरते. सिलिकॉनवरच्या सुट्या ट्यूबसाठी 248 ला व्यासाने भागायची पद्धत रूढ आहे. पण आपल्या जोडीला हे लावून बघा: (10,10) ला 182.9 आणि (11,9) ला 182.6 वेव्हनंबर. 0.3 चा फरक नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरवर दिसणारच नाही. म्हणजे फक्त रेडियल पीकवरून "ही मेटॅलिक" म्हणणं चूक. लेझरची ऊर्जा ट्यूबच्या कुठल्या बँडच्या जोडीशी जुळते हेही बघायला लागतं, त्यासाठी व्यासासमोर बँडच्या जोड्यांमधलं अंतर मांडणारा कातौरा प्लॉट जवळ ठेवायचा आणि शक्यतो दोन वेगळ्या लेझरवर मोजायचं.

मग लोक 1590 च्या जवळचा जी बँड बघतात, त्याची खालची बाजू रुंद आणि वाकडी असली की मेटॅलिक म्हणतात. ही खूण छोट्या गॅपवाल्या मेटॅलिकसाठी, म्हणजे (13,7) सारख्यांसाठी चांगली आहे, पण आर्मचेअरमध्ये हा रुंद भाग दिसतच नाही, एकच अरुंद पीक येतं. म्हणजे ज्या ट्यूब सगळ्यात पक्क्या मेटॅलिक, त्याच या खुणेने सेमीकंडक्टर म्हणून सुटून जातात. हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

सेमीकंडक्टर ओळखायला फोटोल्युमिनेसन्स उत्तम, 2002 मध्ये बाचिलो, वाइजमन आणि सहकाऱ्यांनी यावरून एकेका चमकणाऱ्या पीकला (n,m) लावून दिला. मेटॅलिक ट्यूब चमकत नाहीत. मात्र उलटं निष्कर्ष काढू नका, कारण जुडग्यात अडकलेली सेमीकंडक्टर ट्यूबही शेजारच्या मेटॅलिकमुळे विझते, आधी सर्फॅक्टंटमध्ये नीट सुट्या करायला लागतात. आणि चमकेवरून आलेला आकडा वरच्या गॅपशी जुळवायला जाऊ नका. (6,5) ट्यूब पाण्यात 975 नॅनोमीटरच्या आसपास चमकते, म्हणजे 1.27 ईव्ही, आणि आपलं सूत्र देतं 1.03. सूत्र चुकलं असं नाही, त्यात इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं धरलेलंच नाही; त्यामुळे गॅप वाढतो, मग इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना धरून बसल्यामुळे थोडा परत कमी होतो, आणि जे उरतं ते प्रकाशात दिसतं. मेटॅलिक की सेमीकंडक्टर हा निकाल यामुळे बदलत नाही, फक्त आकडा बदलतो.

ट्रान्झिस्टर बनवायची सोय असेल तर शेवटचा शब्द गेट व्होल्टेजचा. एकाच ट्यूबवर दोन इलेक्ट्रोड टाका, छोटा बायस ठेवा आणि गेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. (11,9) असेल तर करंट हजारो-लाखो पटींनी खाली जातो आणि ट्यूब बंद होते. (10,10) असेल तर करंट जवळपास जागचा हलत नाही. (13,7) मध्ये खोलीच्या तापमानाला मधेच एक उथळ खळगा दिसतो, जो खूपदा चार्ज अडकल्यामुळे आलाय असं समजून सोडून दिला जातो. तेव्हा डिव्हाइस थंड करत न्या आणि त्याच खळग्याच्या तळाचा करंट तापमानाबरोबर नोंदवा. गॅप खरा असेल तर खळगा खोल होत जातो, आणि तळाच्या कंडक्टन्सचा लॉग 1/T समोर मांडला की थंड बाजूला जी सरळ रेषा येते तिचा उतार निम्मा गॅप देतो, त्याची दुप्पट केली की 10 मिलीईव्हीच्या घरातला गॅप मिळतो. एक मात्र तपासा, की दोन इलेक्ट्रोडमध्ये खरंच एकच ट्यूब आहे. एएफएमवर उंची 1.4 नॅनोमीटरच्या जवळ यायला हवी. 3-4 आली तर ते जुडगं आहे, आणि त्यात एक जरी मेटॅलिक असली तर सेमीकंडक्टरवाल्या गेटने कितीही बंद केल्या तरी करंट खाली येणार नाही.